आठवणीची गाणी ताटं उचलल्यावर: लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाची लिस्ट

"दादा, डिसेंबरात आमच्या लग्नाला १० वर्षं होतात (लग्न डिसेंबर २०१५, जळगाव). हॉटेलात न जाता घरीच जेवायचं ठरलंय, भरीत-पुऱ्यांचा बेत आहे. मी, बायको आणि ७ वर्षांची पोरगी, ती ९ वाजता झोपते. गाण्यांची लिस्ट केली, अगर तुम साथ हो, याड लागलं, भातुकलीच्या खेळामधली अशी तीसेक जुनी गाणी झाली, पण एकदा लावून बघितली तर उलट उदासच वाटलं. जुनं पण पाहिजे आणि आजचा आनंद पण दिसला पाहिजे, कसं जमवू?"

भाऊ, आधी उदास का वाटलं ते बघू, ते कळलं की निम्मं काम झालं. तुम्ही २०१५ च्या आसपास जे जे वाजत होतं ते सगळं गोळा केलंय, आणि त्यात गाणं कशाबद्दल आहे ते बघायचं राहून गेलंय. अगर तुम साथ हो तुमच्या लग्नाच्या बरोबर आधी आलं, तमाशा पिक्चर नोव्हेंबर २०१५ चा, त्यामुळे त्या महिन्यात ते सगळीकडे वाजत होतं आणि तुमच्या डोक्यात ते लग्नाशी जोडलं गेलं. पण ते गाणं दोघं एकमेकांपासून तुटताना येतं. भातुकलीच्या खेळामधली तर मराठीतलं सगळ्यात गोड चालीचं ताटातुटीचं गाणं आहे, अरुण दातेंचा आवाज इतका मऊ की त्यातला डाव अर्ध्यावर मोडलाय हे लक्षातच येत नाही. आणि याड लागलं गाणं म्हणून एकदम आनंदी आहे पण सैराट ज्यांनी टॉकीजमध्ये बघितला त्यातल्या बऱ्याच जणांना गाण्याबरोबर त्याचा शेवटही आठवतो. मी १८ वर्षं साउंडचं आणि घरगुती कार्यक्रमांचं काम करतोय भुसावळ-जळगाव भागात, लग्नाच्या वाढदिवसाची लिस्ट बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. जुनं गाणं आणि आठवणीचं गाणं एकच असं आपण धरून चालतो.

म्हणून पहिलं काम, ती ३० गाणी एकेक करून पूर्ण ऐका, शेवटच्या कडव्यापर्यंत, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हे ऐकल्यावर मला एखादी जागा दिसते का, म्हणजे एखादा रस्ता, गच्ची, गाडी, कोणाचा तरी चेहरा. दिसली तर ते गाणं तुमचं. नुसतं "अरे हे त्या वेळी लय वाजायचं" एवढंच आठवलं तर ते सगळ्या महाराष्ट्राचं आहे, तुमचं नाही, काढून टाका. माझा अनुभव असा की ३० मधली ८-९ उरतात आणि तेवढी पुरतात.

आणि काही खरी गाणी तुमच्या लिस्टमध्ये आलेलीच नसतील कारण ती कुठे शोधायची ते सुचत नाही. लग्नाच्या व्हिडिओत शोधू नका, तिथली गाणी एडिटिंगवाल्याने त्याच्या आवडीने टाकलेली असतात. साखरपुडा ते लग्न या मधल्या काळातला फोन आठवा. तेव्हा जिओ यायचं होतं, ते सप्टेंबर २०१६ ला आलं, त्यामुळे रात्री पॅक मारून बोलायचे दिवस होते आणि समोरचा फोन उचलेपर्यंत त्याची कॉलर ट्यून ऐकावी लागायची. वहिनींची त्या वेळची कॉलर ट्यून कोणती होती? तुम्ही ती शंभरदा तरी ऐकली असेल आणि त्यांनी स्वतः क्वचितच ऐकली असेल, कारण आपली ट्यून आपल्याला ऐकू येत नाही ना. ही आठवण फक्त तुमच्याकडे आहे. पूर्ण लिस्टमधलं सगळ्यात भारी गाणं ते ठरू शकतं, मग ते गाणं म्हणून कितीही साधं असो.

एक गोष्ट मात्र वहिनींना आधी विचारून घ्या, सरप्राइज राहिलं नाही तरी चालेल. एका घरी नवऱ्याने सांगितलेली लिस्ट मी जशीच्या तशी लावली, त्यात पाठवणीच्या वेळी वाजलेलं गाणं होतं, आणि ताईंचे वडील मधल्या काळात गेले होते. त्या वाढायला उठल्या होत्या, हातात वाटी, आणि तिथेच थांबल्या. मी घाईघाईने पुढचं गाणं लावलं, ते वरातीचं निघालं, त्याने तर अजूनच वाईट झालं. मला ते अजून लागतं. तेव्हापासून मी विचारतो की त्या आठवणीतलं कोणी आज नाही असं आहे का. असलं तर ते गाणं टाळायलाच पाहिजे असं नाही, बऱ्याच जणांना ते हवंच असतं, पण ते दोघं निवांत बसलेले असताना यावं आणि त्याच्यामागे शब्द नसलेलं काहीतरी संथ असावं, नुसती बासरी चार-पाच मिनिटं. ठेक्याचं गाणं अजिबात नको. आणि डोळे भरले तर गाणं मध्येच बंद करू नका, संपू द्या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जुनं आणि आजचं. बहुतेक जण अर्धं जुनं अर्धं नवीन करतात आणि तरी ते जुळत नाही. कारण लग्न एका टोकाला, आजचा दिवस दुसऱ्या टोकाला आणि मधली ८ वर्षं गायब. ऐकणाऱ्याला असं वाटतं की तेव्हा काहीतरी होतं आणि आता काहीतरी वेगळं आहे, उदासपणा तिथूनही येतो. मधल्या वर्षांची गाणी टाकली की ती दरी भरते. ती गाणी रोमँटिक नसतात म्हणून कोणी टाकत नाही. पोरगी झाली तेव्हा रात्री तिला झोपवायला काय म्हणायचात? निंबोणीच्या झाडामागे म्हणत असाल तर सुमन कल्याणपूरांचं ते टाकाच, अंगाई आहे म्हणून सोडू नका. पहिली गाडी घेतली तेव्हा तिच्यात काय वाजत होतं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरात कोणती गाणी लागायची, माहेरी जाताना एसटीत ड्रायव्हरने काय लावलेलं. हे दोघांनी एका संध्याकाळी चहा घेत आठवा, अर्ध्या तासात ६-७ गाणी निघतील आणि त्यातली २-३ वहिनीच सांगतील.

सैराटची गाणी खरंतर याच मधल्या खात्यात बसतात. पिक्चर २९ एप्रिल २०१६ ला आला, म्हणजे तुमचं लग्न होऊन चार महिने झाले होते, तुमचा दोघांचा पहिला उन्हाळा. जळगावचा मे महिना, रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायच्या आणि कुठूनतरी लांबून ते गाणं ऐकू यायचं, अशी काही आठवण असेल तर याड लागलं ठेवा, पिक्चरचा शेवट मध्ये येणार नाही. नसेल तर काढा.

आजचं म्हणजे काय हे पण जरा बघा, कारण इथे लोक या वर्षीची हिट गाणी भरतात जी घरात कोणी ऐकतच नाही. आजचं गाणं म्हणजे आता तुमच्या घरात जे गुणगुणलं जातं ते. फोनमधली हिस्टरी बघा, गेल्या तीन महिन्यांत परत परत काय लावलंय. तुमच्या घरात ७ वर्षांची पोरगी आहे म्हणजे गुलाबी साडी तर पाठच असेल, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्याच संजू राठोडचं आहे, २०२४ चं. हाई झुमकावाली पोर पण आजच्याच खात्यात धरा, बरेच जण अहिराणी म्हटलं की ते हळदीच्या आठवणीत टाकतात, पण ते तुमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आलंय. हळदीला तुमच्याकडे बायकांनी जी गाणी म्हटली ती कुठल्या ॲपवर मिळायची नाहीत, घरात आई किंवा आत्या असतील तर त्यांच्याकडून एखादं फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या, दीड-दोन मिनिटांचं पुरे. आणि नवरा-बायकोच्या संसाराबद्दलचं अलीकडचं एक गाणं पाहिजे असेल तर वेडमधलं सुख कळले, तो पिक्चर डिसेंबर २०२२ च्या शेवटी आला होता.

आता क्रम, आणि क्रम जेवणावर ठरतो, घड्याळावर नाही. रात्री ८ ते १०:३० धरू, अडीच तास म्हणजे १५० मिनिटं, एक गाणं सरासरी साडेचार मिनिटांचं धरलं तर ३३ गाणी. त्यातली आठवणीची ९, मधल्या वर्षांची ७, आजची ९ आणि उरलेली ८ बिनशब्दांची. ही ८ बघून वाटेल की एवढी कशाला, पण जेवताना बोलायला मोकळी जागा तिथूनच मिळते.

भरीत करताना वांगी पऱ्हाट्यांवर भाजायची, मग सोलून बडगीत ठेचायची, मिरच्या-लसूण कुटायचा, पुऱ्यांचं तेल तापतंय, या आवाजात कोणतंच नाजूक गाणं ऐकू येत नाही. इथे आठवणीचं गाणं टाकलं तर ते वाया गेलं. ८ ते साडेआठ हा वेळ पोरीचा करा, आजची गाणी, ठेक्याची, दोन गाणी तिलाच निवडू द्या. ती नाचेल, तुम्ही ठेचाल, वहिनी हसतील आणि आजचा आनंद तिथेच सुरू झाला.

साडेआठला ताटं वाढली की शब्द बंद. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या खाताना हात बरबटलेले असतात, फोनला कोणी हात लावू शकत नाही, म्हणून इथली गाणी अशी पाहिजेत की बदलायची वेळच येऊ नये. मी इथे बहुतेक वेळा कॉल ऑफ द व्हॅली लावतो, १९६७ ची रेकॉर्ड, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. पण पहिल्या ट्रॅकपासून लावू नका. ती रेकॉर्ड पहाटेपासून रात्रीपर्यंत अशी रचलेली आहे, सुरुवातीला अहिर भैरव येतो, तो सकाळचा राग, रात्री जेवताना तो उगाच वेगळा वाटतो. शेवटचे भूप, देस, पहाडी हे भाग घ्या. त्यांच्यामध्ये मधल्या वर्षांची दोन हलकी गाणी सोडा, पोरगी अजून समोर असते तेव्हा तिच्या अंगाईचं गाणं इथेच, ती विचारेल हे मी लहान असताना म्हणायचात का, आणि मग जेवताना तीच गोष्ट निघेल.

९ नंतर पोरगी झोपली, ताटं उचलली, हात धुतले, गोड घेऊन दोघं बसलात, आठवणीची गाणी आता. आता हात मोकळे आहेत आणि बोलायला वेळ आहे. पण सलग नका लावू. दोन आठवणीची, मग एक मधल्या वर्षांचं किंवा आजचं, परत दोन, असं. सलग चार-पाच जुनी झाली की बोलणं एका ठरलेल्या वळणावर जातं हे मी लय वेळा बघितलंय, आधी तो दिवस किती छान होता, मग मांडवात कोण रुसलं होतं, मग मानपान, कोणाचा आहेर राहिला, आणि मग तुमच्या घरचे आणि आमच्या घरचे. मध्ये आजचं गाणं आलं की ते बोलणं आपोआप परत या खोलीत येतं. लिस्ट बिघडतेय हे कसं ओळखायचं तर बोलणं दोनदा लागोपाठ तुटलं, किंवा दोघांपैकी एकाने फोन हातात घेतला, की समजायचं एका प्रकारची गाणी जास्त झाली. पुढचं एक गाणं सोडून द्या, एवढंच करायचं.

तुमच्यासाठी तो सव्वानऊनंतरचा तास मी असा लावेन. आधी पहाडी संपू द्यायचा. मग वहिनींची कॉलर ट्यून, काही न सांगता, त्यांना ओळखू द्या. मग साखरपुड्यानंतरच्या दिवसांतलं एक. मग सुख कळले, म्हणजे आज. मग लग्नाच्या महिन्यातलं एक, तुम्हाला गेरुआ आवडत असेल तर ते डिसेंबर २०१५ च्याच पिक्चरचं आहे आणि त्यात ताटातूट नाही, अगर तुम साथ होच्या जागी ते बसतं. मग आत्यांकडून रेकॉर्ड केलेलं हळदीचं गाणं. मग याड लागलं, पहिल्या उन्हाळ्याचं. मग पहिल्या गाडीतलं. मग शुक्रतारा मंद वारा, हे तुमच्या लग्नाच्या किती तरी आधीचं, १९६२ चं, पण आई-वडिलांच्या घरात रेडिओवर ऐकलेलं असतं आणि भातुकलीची हौस त्यात भागते, आवाज तोच अरुण दातेंचा, सोबत सुधा मल्होत्रा, आणि इथे दोघं सोबत आहेत. उरलेली आठवणीची दोन-तीन गाणी अशीच मध्येमध्ये, पण शेवटची तीन गाणी फक्त आजची, संथ, आणि अगदी शेवटचं ते जे वहिनी आजकाल काम करताना गुणगुणतात. शेवट लग्नाच्या गाण्याने करायचा मोह होतो, पण मग रात्र १० वर्षं मागे जाऊन थांबते.

शुक्रतारा आणि गेरुआ शेजारी ठेवू नका हे मुद्दाम सांगतो. १९६२ चं रेकॉर्डिंग पातळ, त्यात खर्जाचा भाग कमी, नवीन गाण्यात बेस भरलेला. ॲप दोघांचा आवाज बऱ्यापैकी एका पातळीवर आणतं तरी पोत बदलतो, आणि नव्यानंतर लगेच जुनं आलं की ते किरकिरं वाटतं, मग कोणीतरी उठून आवाज वाढवतं आणि पुढच्या गाण्याला दचकायला होतं. मध्ये बासरीचा एक तुकडा टाकला की कानाला फरक कळत नाही.

सामानाचं थोडक्यात. स्पीकर टेबलावर नको, कोपऱ्यातही नको, कोपऱ्यात बेस घुमतो आणि बोलणं ऐकू येत नाही. बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा समोरच्या भिंतीशी, दोघांपासून सारख्या अंतरावर ठेवा. आवाज किती ते आदल्या दिवशी ठरवा, दोघं आपापल्या जागी बसून नेहमीच्या आवाजात बोलून बघा, समोरच्याला एकदा जरी "काय?" म्हणावं लागलं तर दोन खुणा खाली. तेलाचा आवाज आणि पंखा बंद झाल्यावर तोच आवाज मोठा वाटतो म्हणून साडेआठला एकदा आणि सव्वानऊला एकदा कमी करायचा. गाणी सगळी डाउनलोड करून ठेवा आणि स्पीकर पूर्ण चार्ज, लाईट गेली तरी चालू राहील. यूट्यूबवर फुकटात लावणार असाल तर मध्ये जाहिरात येणार हे धरूनच चाला, पहाडी संपता संपता जाहिरात आली तर सगळी बैठक मोडते. एका महिन्यापुरतं पैसे भरून घेतलं तरी चालतं.

फोनमध्ये तीन गोष्टी. शफल बंद, नाहीतर हा सगळा क्रम गेला. ॲपमध्ये Crossfade असेल तर ३-४ सेकंद, त्याहून जास्त नको, कारण आपल्या गाण्यांचं शेवटचं संगीत कापलं जातं, आणि अंगाईचा शेवट कापला तर ती कसली अंगाई. Autoplay बंद करा, नाहीतर तुमचं शेवटचं गाणं संपल्यावर ॲप स्वतःच्या मनाने काहीतरी लावेल, बहुतेक अगर तुम साथ होच. आणि Do Not Disturb चालू, १० वर्षं झाली म्हणून त्या रात्री नातेवाईकांचे मेसेज येतच राहणार.

जास्त वेळ बसलात तर म्हणून वेगळी चार गाण्यांची लिस्ट करून ठेवा, त्यात सगळी बिनशब्दांची. गाणी संपली आणि तरी बोलणं चालूच असेल तर ती पण लावू नका.